‘तुमच्या वरच्यांना फोन द्या!’

सोमवारी सकाळचे साडेदहा. पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या फ्लोअरवर हेडसेट लावलेल्या एका मुलाचा हात वर जातो. तो काही बोलत नाही, कारण कानात कोणीतरी मोठ्याने बोलत असतं. त्याचं दुसरं बोट म्यूटच्या बटणावर असतं. चार खुर्च्या पलीकडून टीम लीड उठून त्याच्या मागे येऊन उभी राहते. मुलगा म्यूट दाबतो आणि एका दमात सांगतो, “मॅम, सुप कॉल. तीन वेळा मॅनेजर मागितला.”

‘सुप कॉल’ म्हणजे सुपरवायझरने घ्यायचा कॉल. समोरच्या ग्राहकाला आता एजंटशी बोलायचं नाही, त्याला ‘वरचा माणूस’ हवा आहे. बँक असो, मोबाइल कंपनी असो की ऑनलाइन खरेदीचं ॲप, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी अशी मागणी केली आहे. ती केल्यावर दोन-तीन मिनिटं संगीत ऐकू येतं आणि मग एक वेगळा, थोडा सावकाश आवाज येतो. त्या दोन-तीन मिनिटांत पलीकडे काय घडतं, आणि नंतर येणारी व्यक्ती आपल्यासाठी नेमकं काय करू शकते, हे मात्र ग्राहकाला सहसा दिसत नाही.

इथे त्यासाठी बँकेच्या हेल्पलाइनवरचा एक कॉल सविस्तर पाहू. कोणा एका माणसाचा हा कॉल नाही. अशा कॉलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या वळणांतून तो उभा केला आहे. त्यातले नियम आणि हिशेब मात्र खरे आहेत.

फोन करणारे गृहस्थ सिन्नरचे. किराणा दुकान चालवतात. महिन्याच्या ४ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, ते दुसऱ्या एका बँकेच्या एटीएमवर गेले आणि १०,००० रुपये मागितले. यंत्र खडखडलं, नोटा मोजल्याचा आवाज आला, पण पैसे बाहेर आलेच नाहीत. मोबाइलवर मात्र खात्यातून १०,००० गेल्याचा मेसेज आला. सोमवारी, ६ तारखेला त्यांनी फोन करून तक्रार नोंदवली. शुक्रवारी, १० तारखेला पुन्हा फोन केला; ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं. आज १३ तारीख. आजच्या मुलाने स्क्रीनवर पाहून सांगितलं, “सर, १५ तारखेपर्यंत थांबावं लागेल.” त्यावर ते भडकले.

“दर वेळी नवीन तारीख सांगता. मला तुमच्याशी बोलायचंच नाही. तुमच्या वरच्यांना द्या.”

अशा वेळी नवीन एजंटकडून एक चूक हमखास होते. मॅनेजर मागितला की तो अडवू लागतो. “सर, मीच तुमची मदत करतो,” असं पहिल्यांदा म्हणणं रास्त आहे. पुष्कळदा एवढ्यानेही काम होतं. पण तेच वाक्य दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ऐकलं की ग्राहकाला वाटतं, आपल्याला जाणूनबुजून अडवलं जातंय. मूळ तक्रार दहा हजारांची असते. आता तिच्यात ‘तुम्ही मला बोलूही देत नाही’ ही दुसरी तक्रार मिळते, आणि ही दुसरी तक्रार पहिलीपेक्षा जास्त टोचते.

एजंट अडवतो त्याला कारणही आहे. किती कॉल वर गेले याचा हिशेब त्याच्या नावावर लागतो. कॉल किती मिनिटांत संपला, त्याची सरासरी काय, ग्राहकाने शेवटी किती गुण दिले, हे सगळं महिन्याच्या तक्त्यात येतं. चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या मुलाला सुप कॉल म्हणजे आपलं अपयश वाटतं. म्हणून या टीम लीडने आपल्या माणसांना एक साधी सवय लावली आहे. पहिल्यांदा मागणी आली की एकदा मनापासून प्रयत्न करायचा. दुसऱ्यांदा आली की हात वर करायचा. आजच्या मुलाने तिसऱ्यांदा हात वर केला आहे. ते ती नंतर बोलेल, आत्ता नाही.

आता तिच्या हाताशी मिनिट-दीड मिनिट असतं. पुढचा सगळा कॉल बहुधा याच वेळात ठरतो.

ती मुलाला तीन गोष्टी विचारते. ग्राहकाला नेमकं काय हवंय? आतापर्यंत आपण त्यांना काय काय सांगितलं? आणि त्यांची ओळख पडताळून झाली आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं, पण एजंट बरेचदा ‘खूप चिडलेत’ एवढंच सांगतो. चिडणं ही मागणी नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व वेगळं आहे. मुलाने १५ तारीख सांगितली असेल आणि तिने नकळत १४ सांगितली, तर पुढचं एकही वाक्य ग्राहक खरं मानणार नाही. तिसरा प्रश्न सौजन्याचा आहे. एकदा जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगून झालेल्या माणसाला तेच पुन्हा विचारलं, तर आधीची दहा मिनिटं वाया गेली असं त्याला वाटणारच.

ती ऐकत असताना मुलगा मध्येच होल्ड काढून सांगतो, “सर, माझ्या टीम लीड तुमची फाइल बघतायत, एक मिनिटात बोलतील.” फ्लोअरवर याला ‘वॉर्म ट्रान्स्फर’ म्हणतात. याच्या उलट ‘कोल्ड ट्रान्स्फर’: एजंट कॉल नुसता पुढे ढकलतो आणि ग्राहकाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. लोकांना चीड येते ती या दुसऱ्या प्रकाराची.

कधीकधी याहून वाईट घडतं. टीम लीड मीटिंगमध्ये असते, जागेवर कोणी नसतं, मग शेजारचा अनुभवी एजंटच हेडसेट घेतो आणि “मी सुपरवायझर बोलतोय” म्हणतो. फ्लोअरवर ही पळवाट अनेकांना माहीत आहे. त्या क्षणी कॉल निभावतो. पण त्या माणसाला ना तक्रारीची दिशा बदलण्याचा अधिकार असतो, ना उद्याचा फोन करण्याची जबाबदारी. त्याने दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी कोणाच्याच यादीत नसतो. तीन दिवसांनी तोच ग्राहक पुन्हा फोन करतो, तोवर ‘सुपरवायझरशी बोललो, तरी काही झालं नाही’ हेही त्याच्या कहाणीत जमा झालेलं असतं. त्याला शांत करायला आता खरी टीम लीडही अपुरी पडते.

दरम्यान टीम लीडने तक्रारीची नोंद उघडली आहे. ती आधी सगळ्यात जुनी नोंद वाचते, मग नव्याकडे येते. तिच्यासारख्या सरावलेल्या माणसाची ही खूण आहे: शेवटची नोंद एजंट काय म्हणाला ते सांगते, पहिली नोंद गाडी कुठे अडली ते सांगते.

६ तारखेच्या नोंदीत मजकूर बरोबर आहे: एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून वजा झाले. पण वरच्या रकान्यात तक्रारीचा प्रकार निवडताना ‘एटीएम – रोख मिळाली नाही’ याऐवजी ‘कार्ड व्यवहाराची चौकशी’ निवडला गेला आहे. एका क्लिकचा फरक. पण त्या क्लिकमुळे तक्रार एटीएमचे वाद हाताळणाऱ्या गटाकडे न जाता सर्वसाधारण चौकशीच्या रांगेत जाऊन पडली आहे. खाली एक रिकामा रकाना आहे: दुसऱ्या बँकेकडे दावा केल्याची तारीख. तो रिकामा आहे याचा अर्थ, गेला आठवडाभर ‘प्रोसेसमध्ये’ काहीच नव्हतं.

हे कळायला एटीएमच्या मागे काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. तुमचं खातं एका बँकेत आणि यंत्र दुसऱ्या बँकेचं असेल, तर निरोप दोन बँकांच्या मधल्या जाळ्यातून जातो. भारतात हे जाळं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय, चालवते. तुमची बँक ‘हो, पैसे द्या’ म्हणते आणि खात्यातून रक्कम वजा करते. त्यानंतर यंत्रात नोटा अडकल्या, वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर ‘पैसे दिले नाहीत’ हा उलटा निरोप यायला हवा. तो आला तर रक्कम आपोआप परत जमा होते. नाही आला तर तुमच्या बँकेला दावा लावावा लागतो आणि यंत्राच्या मालक बँकेला आपली नोंद तपासावी लागते. प्रत्येक यंत्र आपल्या हालचालींची नोंद ठेवतं. शिवाय यंत्रातली रोकड मोजली की न दिलेल्या नोटा हिशेबापेक्षा जास्त भरतात. सिन्नरच्या दुकानदाराचे दहा हजार बहुधा अजून त्या यंत्रातच आहेत, किंवा त्या बँकेच्या हिशेबात ‘जादा रोकड’ म्हणून पडून आहेत. फक्त ते मागायला कोणी गेलेलं नाही.

आता ती हेडसेट घालते.

“नमस्कार सर. मी टीम लीड बोलतेय. तुमच्या तीनही कॉलच्या नोंदी मी आत्ता वाचल्या.”

“तुम्ही मॅनेजर आहात का?”

“नाही सर. मी टीम लीड आहे, या टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. तुमची तक्रार पुढे कुठे जाणार हे मी ठरवू शकते. पैसे खात्यात टाकण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, ते बँकेचा एटीएम विभाग करतो.”

नव्या टीम लीडना या उत्तराची भीती वाटते. ‘मॅनेजर नाही’ म्हटलं तर ग्राहक लगेच आणखी वर जाईल, असं त्यांना वाटतं. काही जातातही. पण खोटं पद सांगितलं आणि पुढच्या वाक्यात ‘हे माझ्या हातात नाही’ म्हणावं लागलं, तर खोटं तिथल्या तिथे उघडं पडतं. मागणी करणाऱ्याला बहुतेक वेळा पदाशी फारसं देणंघेणं नसतं. आपलं प्रकरण कोणीतरी हातात घेतलंय, वाचलंय, आणि उद्या विचारायला तेच माणूस असेल, ही त्याची खरी मागणी असते. ‘मॅनेजर’ हा त्यासाठी सुचलेला जवळचा शब्द.

यानंतर ती गप्प बसते. दुकानदार बोलतात. यंत्राचा आवाज, मेसेज, शनिवार-रविवारची घालमेल, सोमवारी घाऊक व्यापाऱ्याला द्यायचे राहिलेले पैसे, पहिल्या फोनला वीस मिनिटं ताटकळणं. मध्ये ती फक्त “हो”, “बरं”, “मग?” एवढंच म्हणते. पहिल्या मिनिटात अडवू नये, हा या कामातला जुना धडा आहे, आणि त्यामागचं कारण व्यावहारिक आहे. मध्येच तोडलेला माणूस कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगतो; अडवून वाचवलेला वेळ दुप्पट होऊन खर्च होतो. ‘सर, शांत व्हा’ हे वाक्यही ती कधी वापरत नाही. ऐकणाऱ्याला त्यात ‘तुमचं वागणं चुकतंय’ असंच ऐकू येतं.

बोलणं थांबल्यावर ती तारखा परत सांगते. “सर, म्हणजे ४ तारखेला शनिवारी पैसे गेले. ६ तारखेला तुम्ही तक्रार केलीत. १० तारखेला विचारलंत. आणि आज तुम्हाला १५ तारीख सांगितली. बरोबर?”

“बरोबर.”

या ‘बरोबर’साठी ती थांबलेली असते. समोरचा आपल्या तोंडून होकार देतो, तेव्हा बोलणं चिडीकडून तपशिलाकडे वळतं. आवाजाची पट्टीही खाली येते. हे फ्लोअरवर कोणीही सांगेल.

मग ती या कॉलमधलं सगळ्यात अवघड वाक्य बोलते. “सर, नोंद पाहिल्यावर मला एक चूक दिसली. तुमची तक्रार चुकीच्या प्रकारात नोंदवली गेली. त्यामुळे ती एटीएम विभागाकडे गेलीच नाही. चूक आमच्याकडून झालीय.”

फोनवर क्षणभर शांतता. दुकानदारांना हे अनपेक्षित असतं, कारण आतापर्यंत प्रत्येकाने ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हटलं होतं. चूक कबूल केली की ग्राहक पेटून उठेल, अशी भीती असते. अनुभव सहसा वेगळा येतो. त्यांचा संशय खराच होता, हे पहिल्यांदाच कोणीतरी मान्य करत असतं. मात्र त्यासाठी चूक नेमकी कळलेली असावी लागते. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या छापील वाक्यात गैरसोय कुठली, हे नसतं. म्हणून ते शंभर वेळा ऐकूनही पोटात उतरत नाही.

यानंतर ती नियमाकडे येते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांबाबत एक परिपत्रक काढलं. त्यानुसार एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे असतात. शनिवार-रविवार त्यात धरले जातात. त्याहून उशीर झाला, तर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराला द्यावी लागते, आणि ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने ती स्वतःहून जमा करायची असते.

आता १५ तारखेचं कोडं उलगडतं. मुलाच्या स्क्रीनवर ‘चौकशी’ या प्रकारासाठी सात कामकाजाचे दिवस दिसत होते. तक्रार ६ तारखेची, मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार, म्हणून १५. मुलाने स्क्रीन वाचली. खोटं काही बोलला नाही. पण हा हिशेब तक्रारीच्या दिवसापासूनचा आणि बँकेच्या सुट्ट्या वगळून केलेला आहे. रिझर्व्ह बँकेचा हिशेब व्यवहाराच्या दिवसापासून सुरू होतो. ४ तारखेत पाच मिळवले की ९. म्हणजे मुदत चार दिवसांपूर्वीच संपली आहे आणि आजपर्यंत ४०० रुपये भरपाई झाली आहे.

हे ग्राहकाला सांगायचं की नाही? काही ठिकाणी अलिखित सल्ला असतो की विचारलं तरच सांगा. ही टीम लीड सांगते. नियम खातेदारासाठी आहे, आणि त्याला तो कळल्याने बँकेचं काही जास्तीचं जात नाही. जे द्यायचं आहे तेच द्यायचं आहे. शिवाय ग्राहकाने तो नंतर शेजारच्या कोणाकडून ऐकला, तर आजचा अख्खा कॉल त्याला लपवाछपवीचा वाटेल.

मात्र इथे तिच्यासमोर एक मोह असतो. समोरचा निवळला आहे, त्याला ‘उद्यापर्यंत होऊन जाईल’ म्हणावं आणि आभार मानून फोन ठेवावा. कॉल छान संपेल, गुणही चांगले मिळतील. पण दुसऱ्या बँकेने यंत्राची नोंद कधी तपासावी, हे तिच्या हातात नाही. तिची कंपनी बँकेसाठी कंत्राटावर काम करते. ती खातं पाहू शकते, त्यात एक रुपयाही हलवू शकत नाही. म्हणून ती शब्द देते तो फक्त स्वतःच्या हातात असलेल्या गोष्टींचा.

“सर, तक्रार मी आत्ता योग्य प्रकारात बदलून एटीएम विभागाला पाठवतेय, तुमच्यासमोरच. नंबर तोच राहील, मेसेज येईल. दुसऱ्या बँकेकडे दावा आजच जावा यासाठी मी वेगळी मेलही करते. पैसे कोणत्या दिवशी येतील ते मी आज सांगू शकत नाही. पण उद्या सकाळी ११ ते १२ मध्ये मी स्वतः तुम्हाला फोन करेन. दावा गेला असेल तरी करेन, गेला नसेल तरी करेन.”

शेवटच्या वाक्यावर ती मुद्दाम जोर देते. फोन परत करण्याची बहुतेक वचनं मोडतात ती एकाच कारणाने: सांगण्यासारखी चांगली बातमी नसते, म्हणून फोन उद्यावर ढकलला जातो. ग्राहकाच्या लेखी मात्र तो न आलेला फोन हीच बातमी असते.

कॉल इथे संपत नाही. दुकानदार म्हणतात, “ठीक आहे. पण त्या पोराला काढून टाका. तीनदा मला फसवलं त्याने.”

या मागणीला ती होकार देत नाही आणि वादही घालत नाही. “सर, आज बोललेल्या मुलाने तुमची पहिली तक्रार नोंदवली नव्हती. त्याला स्क्रीनवर जे दिसलं ते त्याने सांगितलं. चूक कुठे झाली ते मी शोधेन आणि दुरुस्त करेन.” बाजूला तो मुलगा हे ऐकत असतो. ग्राहकाला खूश करण्यासाठी आपल्या माणसाला फोनवर बळी देणारे टीम लीडही असतात. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी फ्लोअरवर दिसतो: मुलं हात वर करायचं बंद करतात, आणि जो कॉल पाच मिनिटांत वर यायला हवा होता, तो पंचवीस मिनिटं खाली धुमसत राहतो.

समजा, दुकानदारांनी तरीही ‘मला अजून वरचा माणूस हवा’ म्हटलं असतं तर? तोही रस्ता आहे, आणि तो दडवायचा नसतो. टीम लीडच्या वर असिस्टंट मॅनेजर असतो, पण तो बहुधा फोनवर लगेच येत नाही. ठरलेल्या वेळेत परत फोन करतो. त्यापलीकडे प्रत्येक बँकेत तक्रार निवारण अधिकारी असतो. आणि बँकेने तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी cms.rbi.org.in हे संकेतस्थळ आहे, पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो तो बँकेकडे केलेल्या तक्रारीचा. म्हणून प्रत्येक फोनच्या शेवटी तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून घ्यायला हवी. अनेक ग्राहक सहा-सात फोन करतात आणि त्यांच्याकडे एकही क्रमांक नसतो.

हे प्रकरण आणखी एका दिशेने जाऊ शकलं असतं. यंत्राच्या नोंदीत ‘नोटा दिल्या’ असं निघालं आणि रोकडही हिशेबाला जुळली, तर दावा फेटाळला जातो. पैसे यंत्राच्या तोंडाशी आले आणि ग्राहक निघून गेल्यावर मागच्याने उचलले, असंही घडतं. अशा कॉलवर टीम लीडचं ऐकून घेणं, चूक मान्य करणं, काहीच कामाला येत नाही, कारण मान्य करण्यासारखी चूक नसते. तिथे ती एवढंच करू शकते: नकाराचं कारण स्पष्ट शब्दांत सांगणं, ते लेखी मिळेल याची व्यवस्था करणं, आणि सीसीटीव्हीचं चित्रण तपासण्याची मागणी ग्राहकाने लगेच, लेखी नोंदवावी हे सुचवणं. चित्रण कायम साठवून ठेवलं जात नाही, म्हणून ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा.

आणि काही कॉल शिवीगाळीवर उतरतात. रागाने बोलणं वेगळं आणि समोरच्याच्या आईबहिणीवर जाणं वेगळं. बहुतेक सेंटरमध्ये त्यासाठी ठरलेली पद्धत असते: आधी स्पष्ट समज द्यायची, ती देऊनही भाषा बदलली नाही तर सांगून कॉल बंद करायचा आणि नोंद करायची. ‘सांगून’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. न सांगता तोडलेला कॉल ऑडिटमध्ये एजंटच्याच अंगावर येतो. पण कोणी ‘आता मी जिवाचं काही बरंवाईट करून घेईन’ म्हणालं, तर हा नियम बाजूला राहतो. तो कॉल तोडायचा नसतो. एकीकडे त्यांना बोलतं ठेवायचं आणि दुसरीकडे हात वर करून वरच्यांना बोलवायचं.

दुकानदारांचा कॉल बावीस मिनिटं चालला. शेवटी ते आभार मानत नाहीत, “उद्या बघतो” एवढंच म्हणतात. टीम लीड लगेच पुढच्या कामाला लागत नाही. आधी नोंद लिहिते, आणि अशी लिहिते की उद्या ती आजारी पडली तरी दुसरी कोणी ११ वाजता फोन करू शकेल: काय चुकलं, काय बदललं, काय सांगितलं, काय सांगितलं नाही, कोणी कधी फोन करायचा. ‘ग्राहकाला समजावून सांगितले’ अशी एका ओळीची नोंद ती टीममध्ये चालू देत नाही.

मग ती मुलाकडे वळते. “पाणी पिऊन ये. पाच मिनिटं लॉग-आउट कर, मी बघते.” या पाच मिनिटांसाठी तिला रांगेत थांबलेल्या कॉलचा आकडा वाढलेला पाहावा लागतो आणि वरून विचारणाही होते. तरी ती ते करते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून मांडलं होतं की, पगारासाठी स्वतःच्या भावना आवरून ठरावीक चेहरा आणि आवाज ठेवणं हेही श्रमच आहेत. त्यांनी त्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. शिव्या खाल्लेल्या आवाजाने लगेच पुढच्या ग्राहकाला ‘नमस्कार’ म्हटलं, की तो पुढचा ग्राहकही बिनसतो. त्याचं काही चुकलेलं नसताना.

मुलगा परत आल्यावर ती दोनच गोष्टी सांगते. “दुसऱ्यांदा मॅनेजर मागितला तेव्हाच हात वर करायचा होतास. आणि तारीख सांगण्याआधी तक्रारीचा प्रकार बघायचा. एटीएमची तक्रार ‘चौकशी’त दिसली की समजायचं, गाडी अडकलीय.” तो विचारतो, “मॅम, पहिली नोंद कोणी केली होती?” नाव ती त्याला सांगत नाही.

पण ते नाव ती शोधते. ६ तारखेचा कॉल दुसऱ्या टीममधल्या एका नवीन मुलीने घेतला होता. तिच्या स्क्रीनवर प्रकारांची यादी उघडल्यावर ‘कार्ड’ने सुरू होणारे पर्याय आधी येतात आणि ‘एटीएम – रोख मिळाली नाही’ हा पर्याय दिसायला खाली सरकावं लागतं. गर्दीच्या वेळी पहिला जवळचा पर्याय निवडला जातो. तो पर्याय वर आणावा, अशी विनंती टीम लीड लिहून पाठवते. तसा बदल व्हायला वेळ लागतो, हे तिला माहीत आहे. म्हणून ती तोवरचं काम हातात घेते: गेल्या दहा दिवसांत ‘चौकशी’ म्हणून नोंदलेल्या तक्रारी उघडून त्यात ‘एटीएम’ हा शब्द शोधते. आणखी चार सापडतात. चौघांपैकी कोणीही अजून मॅनेजर मागितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ११ वाजून २० मिनिटांनी ती सिन्नरला फोन करते. दावा सोमवारी संध्याकाळीच गेलेला असतो, पैसे आलेले नसतात. कॉल दोन मिनिटांत संपतो. गुरुवारी, १६ तारखेला खात्यात १०,००० जमा होतात. हिशेबाने ९ तारखेनंतरचे सात दिवस, म्हणजे ७०० रुपये भरपाई यायला हवी. ती त्या दिवशी आलेली नसते. टीम लीड तक्रार बंद करत नाही. भरपाईची आठवण करणारी नोंद टाकून उघडी ठेवते, आणि त्या चार जणांच्या यादीतल्या पहिल्या नंबरवर फोन लावते.